चाळीस टक्के कशाचे?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरच्या कॉलेजातून आलेला परीक्षक, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एक्स्टर्नल’, सकाळी लॅबमध्ये येऊन बसतो तेव्हा त्याच्यासमोर गटांची यादी असते. दिवसाला बारा-पंधरा गट, प्रत्येक गटात तीन-चार विद्यार्थी. जेवण, चहा, गुणपत्रकं आणि सह्या यांचा वेळ वजा केला तर एका गटाच्या वाट्याला २० मिनिटं येतात, तीही सकाळच्या गटांना. दुपारी चारनंतर नंबर लागलेल्यांना १२ मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

एवढ्या वेळात ऐंशी पानांचं ब्लॅक बुक कोणी वाचत नाही. परीक्षक ते चाळतो. शीर्षक पाहतो, आकृतीवर थांबतो, निकालाच्या प्रकरणातला तक्ता शोधतो. मुलं भिंतीवरच्या स्लाइडकडे हात करून बोलत असतात आणि त्याची नजर एखाद्या आकड्यावर अडकते. ‘हा आकडा कुठून आला?’ बहुतेक व्हायवा इथून खऱ्या अर्थाने सुरू होतात आणि बहुतेक गट इथेच गडबडतात. कारण तयारी केलेली असते ती प्रोजेक्टचं वर्णन करण्याची, आणि विचारलं जातं ते ठरवलेल्या गोष्टींबद्दल.

वर्णन आणि निर्णय यांतला हा फरक नेमका कळावा म्हणून एकच प्रोजेक्ट घेऊन पाहू. पुणे विद्यापीठाचा बीई असो, जिथे प्रोजेक्ट दोन टप्प्यांत होतो, किंवा तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाचा कॅपस्टोन असो, दरवर्षी कुठल्याही कॉलेजात किमान एक गट ‘स्वयंचलित ठिबक सिंचन’ हा विषय घेतोच. सामान साधं: ईएसपी-३२ हा वायफाय असलेला छोटा बोर्ड, मातीत खोचायचा ओलाव्याचा सेन्सर, एक रिले, एक चिमुकला पंप आणि मोबाइलवर आकडे दाखवणारं अ‍ॅप. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर एका चकरेत सगळं मिळतं. माती कोरडी झाली की पंप सुरू, ओली झाली की बंद. परीक्षकाने असे कितीतरी प्रोजेक्ट पाहिलेले असतात. म्हणजे ‘हे काय आहे’ हे त्याला सांगण्यात एक मिनिटसुद्धा जास्तच.

तरीही होतं ते असं. पहिला विद्यार्थी उभा राहतो आणि भारत कृषिप्रधान देश असल्याचं सांगतो. दुसरा दहा शोधनिबंधांची नावं वाचतो. तिसरा बोर्डाची वैशिष्ट्यं वाचतो: इतके पिन, इतकी मेमरी. सात मिनिटं झालेली असतात. चौथ्याच्या वाट्याला डेमो, निकाल आणि निष्कर्ष असं सगळं येतं, आणि तेवढ्यात परीक्षक म्हणतो, ‘ठीक आहे, पुढचं राहू द्या, दाखवा काय चालतंय ते.’ सहा महिन्यांत जे खरोखर केलं त्यावर बोलायला तीसेक सेकंद उरतात.

दहा मिनिटांची वाटणी उलट्या बाजूने केली तर चित्र बदलतं. पहिलं मिनिट फक्त अडचणीला: कुठलं पीक, कसली जमीन, आज पाणी कोण आणि कसं देतं. पुढची दोन मिनिटं आकृतीला, पण खोक्यांची नावं वाचायला नाही. मातीतून निघालेला एक सिग्नल धरायचा आणि तो सेन्सरमधून बोर्डात, बोर्डातून रिलेपर्यंत, रिलेतून पंपापर्यंत कसा जातो ते बोटाने दाखवत न्यायचं. त्यानंतरची तीन मिनिटं निर्णयांना. हा सादरीकरणाचा गाभा. दोन मिनिटं डेमोला, दीड मिनिट चाचण्यांच्या निकालाला आणि शेवटचं अर्धं मिनिट हे यंत्र काय करू शकत नाही त्याला. सावकाश, कळेल असं बोलणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. डेमो सोडला तर आठ मिनिटांचं बोलणं म्हणजे हजाराच्या आतबाहेर शब्द. लिहिलेला मजकूर त्याहून मोठा असेल तर तो परीक्षेच्या दिवशी वेळेत बसणार नाही. घाईत बोलून तर अजिबात नाही. स्लाइड आठ पुरतात. शोधनिबंध दोनच घ्यावेत, पण त्यांतून आपण काय उचललं आणि काय सोडलं हे सांगता येतील असे.

बारा मिनिटांतच सगळं आटपायला सांगितलं तर काय कापायचं, हेही आधी ठरलेलं असावं. कापायची ती पहिली तीन मिनिटं. निर्णय आणि निकाल यांना हात लावायचा नाही.

आता निर्णयांकडे. या प्रोजेक्टमध्ये ते तीनच आहेत आणि परीक्षकाचे निम्मे प्रश्न त्यांच्याभोवतीच फिरतात.

पहिला सेन्सरचा. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात दोन उघडे धातूचे दात असतात. त्यांच्यामधून मातीतून वीज किती सहज जाते यावरून ओलावा कळतो. तो स्वस्त असतो, पण सतत वीज सोडली की दातांवर विद्युत-अपघटन होतं, मुलामा उडतो, दात गंजतात आणि काही आठवड्यांत त्याच मातीत आकडे वेगळे दिसायला लागतात. दुसरा प्रकार कपॅसिटिव्ह. त्याच्या पट्ट्या लेपाखाली झाकलेल्या असतात आणि तो मातीचा परावैद्युत गुणांक मोजतो. हवेचा हा गुणांक १, कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५ आणि पाण्याचा ८०च्या आसपास. त्यामुळे मातीत थोडं पाणी वाढलं तरी फरक ठळक दिसतो. ‘हाच सेन्सर का?’ या प्रश्नाला ‘तो जास्त अचूक आहे’ हे उत्तर पोकळ आहे. ‘पहिल्याचे दात गंजतात, याचे झाकलेले असतात’ हे उत्तर खरं. आणि ‘पण याच्याही कापलेल्या कडांमधून पाणी शिरतं, म्हणून आम्ही कडांना वॉर्निश लावलं’ एवढं पुढे जोडलं की परीक्षकाला कळतं, या मुलांनी सेन्सर खरोखर मातीत ठेवून पाहिला आहे.

दुसरा निर्णय हा या सगळ्याचा कळीचा मुद्दा आहे. स्लाइडवर लिहिलेलं असतं: ओलावा ४० टक्क्यांखाली गेला की पंप सुरू. परीक्षक विचारतो, ‘चाळीस टक्के कशाचे?’

गट शांत होतो. कोणीतरी म्हणतं, ‘सर, सेन्सर दाखवतो तसं.’ पण सेन्सर टक्के दाखवतच नाही. तो एक व्होल्टेज देतो आणि बोर्ड त्याचं ० ते ४०९५ यांमधल्या एका संख्येत रूपांतर करतो. टक्के तयार होतात ते मुलांनीच लिहिलेल्या, किंवा कुठून तरी उचललेल्या, एका ओळीत. समजा, या गटाने मोजलं तेव्हा वाळवलेल्या मातीत २८०० आणि पाण्याने पूर्ण भिजलेल्या मातीत १३०० अशी संख्या आली. हा सेन्सर उलटा चालतो, कोरडं तेवढा आकडा मोठा. मग ओळ अशी होते:

```
int percent = map(raw, 2800, 1300, 0, 100);
```

सेन्सरने २२०० दाखवलं तर २८०० वजा २२०० म्हणजे ६००. एकूण अंतर २८०० वजा १३०० म्हणजे १५००. सहाशे भागिले पंधराशे म्हणजे ४० टक्के. याचा अर्थ मातीत ४० टक्के पाणी आहे असा मुळीच नाही. वाळलेली माती आणि चिखल या दोन टोकांमधल्या वाटेवर माती कोरड्या टोकापासून चाळीस शतांश पुढे आली आहे, एवढाच. मातीत पाणी खरंच किती हे कळायला वजन करावं लागतं, आणि ही चाचणी अवघड नाही. सिव्हिल विभागाच्या माती-प्रयोगशाळेत ओव्हन असतो. सेन्सर ४० दाखवत असताना त्याच्या शेजारची माती डबीत घ्यायची, वजन करायचं, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवायचं आणि पुन्हा वजन करायचं. डबी २० ग्रॅम, डबीसह ओली माती १४४, डबीसह वाळलेली १२० असं धरू. पाणी २४ ग्रॅम, कोरडी माती १०० ग्रॅम. म्हणजे वजनाने २४ टक्के. अशा पाच-सहा नमुन्यांचा तक्ता, एका रकान्यात सेन्सरचे टक्के आणि दुसऱ्यात वजनाने काढलेले, हा या प्रोजेक्टचा निकाल होऊ शकतो. बाकीच्या गटांच्या स्लाइडवर ‘अचूकता ९५ टक्के’ असं लिहिलेलं असतं. कशाशी ताडून, ते लिहिलेलं नसतं.

तक्ता तयार असला की ‘चाळीस टक्के कशाचे?’ या प्रश्नाला तीन वाक्यांत उत्तर देता येतं. ‘मॅडम, हे आमच्या मातीतल्या कोरड्या आणि भिजलेल्या टोकांमधलं प्रमाण आहे. वजनाने तपासलं तर या मातीत ते शंभर ग्रॅमला चोवीस ग्रॅम पाणी येतं. माती बदलली की दोन्ही टोकं पुन्हा मोजावी लागतील.’ आधी सरळ उत्तर, मग मोजलेला पुरावा, मग मर्यादा. हाच क्रम बहुतेक प्रश्नांना पुरतो, आणि तो पाठ करण्यापेक्षा अंगवळणी पाडलेला बरा.

तिसऱ्या वाक्याने पुढचा प्रश्नही ओढवून घेतला जातो, पण त्यात तोटा नाही. काळी माती पाणी धरून ठेवते. मुरमाड जमिनीतून ते झरून जातं. त्यामुळे तोच ४० हा आकडा एका शेतात वाफसा असल्याचं सांगेल आणि दुसऱ्यात पीक सुकायला आल्याचं. शेतीशी संबंध असलेला परीक्षक इथे ‘तुमच्या आकड्यात वाफसा किती?’ असं विचारू शकतो. ज्या गटाने एखाद्या शेतकऱ्याला ‘आता वाफसा आहे का?’ असं विचारून त्या क्षणी सेन्सरचा आकडा टिपून ठेवला असेल, त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण फार कमी गट ते करतात.

तिसरा निर्णय छोटा आहे. ४० खाली पंप सुरू आणि ४० वर बंद असा एकच आकडा ठेवला तर सेन्सरचं रीडिंग एक-दोन टक्के इकडेतिकडे हलताच रिले टकटक करत उघडझाप करतो. म्हणून सुरू करायला ४० आणि बंद करायला ६० असे दोन आकडे ठेवतात. ‘दोन आकडे का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर द्यायला आवडावं असे जे थोडे प्रश्न असतात त्यांतला तो एक. शक्य असेल तर एकाच आकड्यावर रिले कसा वाजत होता याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ जवळ ठेवावा.

इथपर्यंतचे प्रश्न ‘का’चे. अनुभवी परीक्षक यानंतर ‘तर’च्या प्रश्नांकडे वळतो. सेन्सर मातीतून निघाला तर? गुराचा पाय लागून, खुरपणीत, कसाही. आता तो हवेत आहे. हवा कोरड्या मातीपेक्षाही कोरडी, म्हणून आकडा २८०० च्याही वर जातो, समजा २९५०. वरच्या ओळीत तो घातला तर अ‍ॅपवर उणे १० टक्के ओलावा दिसतो. बहुतेक मुलांना हे व्हायवाच्या दिवशी, डेमो करताना, सगळ्यांच्या देखत कळतं. मग ‘टक्के ० ते १०० मध्येच ठेवायचे’ अशी एक ओळ घाईघाईने टाकली जाते आणि उणे आकडा नाहीसा होतो. खरा धोका मात्र तसाच राहतो. यंत्राला वाटतं माती ठणठणीत कोरडी आहे, ते पंप सुरू करतं आणि सेन्सर हवेत असल्यामुळे आकडा कधीच ६० वर जात नाही. विहीर उपसेपर्यंत पंप चालू.

या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींच्या कोडमध्ये आहे, पण ते आधी सुचायला हवं. आकडा २८०० च्या बराच वर गेला तर ती ‘कोरडी माती’ न समजता ‘सेन्सर बिघडला’ असं धरून पंप बंद ठेवायचा. आणि काहीही झालं तरी पंप सलग ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त चालू द्यायचा नाही. वायर तुटली तर पिनवर येणारा आकडा कसाही भरकटतो, तेव्हा पहिली अट चुकू शकते. दुसरी अट त्यासाठीच. वायफाय गेलं तर? पंपाचा निर्णय बोर्डावरच होत असेल तर काही बिघडत नाही, फक्त मोबाइलवर आकडे दिसत नाहीत. निर्णय इंटरनेटवरच्या सर्व्हरवर होत असेल तर पिकाचं पाणी टॉवरच्या भरवशावर. प्रत्येक भागाबद्दल ‘हा बंद पडला तर पंप सुरू राहील की थांबेल?’ हा एकच प्रश्न गटाने स्वतःला विचारला आणि उत्तरं कागदावर मांडली, तर परीक्षेतल्या ‘तर’च्या प्रश्नांचा मोठा भाग आदल्या आठवड्यातच संपतो. अट एवढीच की वायर खरोखर उपटून पाहिलेली असावी. अंदाजाने दिलेलं उत्तर परीक्षक ओळखतो. त्याला फक्त ‘करून दाखवा’ एवढंच म्हणावं लागतं.

मग येतो शेताचा प्रश्न. टेबलावरचा पंप पाच व्होल्टचा, खेळण्यातला. ‘हा रिले शेतातली पाच एचपीची मोटर चालवेल का?’ रिलेवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ छापलेलं असतं आणि मुलं उत्साहाने ‘हो’ म्हणतात. पाच एचपी म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट, ही मोटर सहसा थ्री-फेज असते, आणि सुरू होताना ती चालू असतानाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. छोटा रिले ते थेट पेलू शकत नाही, शिवाय तो एकच वायर तोडतो, तीन नाही. बरोबर उत्तर असं: रिले मोटरला नाही तर स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देईल; मोटरचा भार कॉन्टॅक्टर उचलेल आणि ओव्हरलोडचं संरक्षण स्टार्टरमध्ये आहे तसंच राहील. ज्या गटाने एकदा विहिरीवरची स्टार्टरची पेटी उघडून पाहिली आहे त्याला हे पाठ करावं लागत नाही.

त्याच्याच मागे येतो त्याहून बोचरा प्रश्न. शेतीला वीज ठरावीक तासांची, पाळीपाळीने, बऱ्याचदा रात्री. तुमच्या यंत्राने दुपारी दोन वाजता पंप सुरू करायचं ठरवलं आणि लाइटच नाही, मग? आणि वीज आली की आपोआप मोटर सुरू करणारे ऑटो स्विच, फोनवरून चालणारे मोबाइल स्टार्टर शेतकऱ्याकडे आधीपासून आहेत. तुमचं वेगळं काय? इथे ‘आमचं स्मार्ट आहे’ असं म्हणणाऱ्याचं काही खरं नाही. प्रामाणिक आणि पुरेसं उत्तर असं की ऑटो स्विच वीज बघतो, माती बघत नाही. मोबाइल स्टार्टर माणसाच्या सांगण्यावरून चालतो. हे यंत्र लाइट आल्यावर आधी माती तपासतं आणि ओलावा पुरेसा असेल तर मोटर सुरू होऊ देत नाही. मोठा शोध नव्हे, पण फरक नेमका आहे. आधीच्या उपायांशी तुलना म्हणून ब्लॅक बुकमध्ये परदेशी शोधनिबंधांचे तक्ते भरलेले असतात आणि शेजारच्या बांधावरचा ऑटो स्विच त्यांत नसतो, हे पाहिलं की मुलांनी नक्की कोणासाठी यंत्र बनवलं याचीच शंका येते.

डेमोची दोन मिनिटं. त्यांत काय बिघडतं याची यादी जवळजवळ ठरलेली आहे, आणि तरी दरवर्षी तेच बिघडतं. कॉलेजच्या वायफायला आधी ब्राउझरच्या पानावर नाव-पासवर्ड टाकून शिरावं लागतं. बोर्डाला ते जमत नाही. म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करतात, तर तो पाच गिगाहर्ट्झवर असतो आणि ईएसपी-३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतो. हॉटस्पॉटची ही सेटिंग आदल्या दिवशी बदलून, त्याच फोनवर, त्याच खोलीत तपासलेली असावी. दुसरा बिघाड पंपाचा. पंप बोर्डाच्याच पिनवरून चालवला की सुरू होताना तो व्होल्टेज खाली खेचतो, बोर्ड रीसेट होतो आणि सिरीयल मॉनिटरवर `Brownout detector was triggered` अशी ओळ येते. परीक्षकासमोर ही ओळ दिसली तर घाबरण्यापेक्षा ती वाचून दाखवावी आणि कारण सांगावं. त्याहून बरं म्हणजे पंपाला वेगळा वीजपुरवठा देऊन यावं. मातीचे दोन ग्लास लागतात, एक वाळलेला आणि एक भिजवलेला, म्हणजे सेन्सर एकातून दुसऱ्यात नेला की दहा सेकंदांत पंप सुरू-बंद होतो. एकाच ग्लासात पाणी ओतून माती भिजेपर्यंत वाट बघण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. आणि चालू स्थितीतला एक मिनिटाचा व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवलेला असावा, लिंक नव्हे.

‘काय अडचण आली?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक परीक्षक विचारतो, कारण विकत घेतलेला प्रोजेक्ट इथे पकडला जातो. ज्याने स्वतः जोडणी केली नाही तो ‘वेळ कमी पडला’, ‘सामान मिळायला उशीर झाला’ असं सांगतो. ज्याने केली तो सांगतो की चौथ्या नंबरच्या पिनवर सेन्सर व्यवस्थित वाचत होता, वायफाय जोडल्याबरोबर वाचणं बंद झालं आणि दोन दिवस सेन्सरच खराब समजून बदलत बसलो. मग कळलं की या बोर्डात अ‍ॅनालॉग वाचनाचे दोन गट आहेत आणि वायफाय सुरू असताना दुसऱ्या गटातले पिन वाचता येत नाहीत. सेन्सर ३४ नंबरच्या पिनवर हलवला आणि प्रश्न मिटला. अशी एक खरी हकिगत, तारखेसह वहीत लिहून ठेवलेली, दहा स्लाइडपेक्षा जास्त गुण मिळवते. ती चौघांनाही सांगता आली पाहिजे, मात्र.

कारण प्रश्न कोणाला विचारायचा हे परीक्षक ठरवतो, आणि तो सहसा गप्प उभ्या असलेल्याला विचारतो. कोड एकाने लिहिलं, जोडणी दुसऱ्याने केली, रिपोर्ट तिसरीने टाइप केला, चौथा पैसे घेऊन गेला, हे गुपित नसतं. गुण मात्र प्रत्येकाला वेगळे मिळतात. सरावाचा साधा उपाय म्हणजे आठवडाभर आधी कामं बदलून एकमेकांना प्रश्न विचारणं: जोडणी करणाऱ्याने कोडची ती `map` ची ओळ समजावून सांगायची, कोड लिहिणारीने सेन्सर रिकाम्या हातांनी जोडून दाखवायचा. प्रश्न विचारायला दुसऱ्या गटातला मित्र घ्यावा; स्वतःच्या गटातले लोक अवघड प्रश्न सोडून देतात. सादरीकरण इंग्रजीत असलं तरी अडलेलं उत्तर मराठीत द्यायला बहुतेक परीक्षकांची हरकत नसते. ‘सर, मराठीत सांगू का?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. चुकीच्या इंग्रजीत अडकून बरोबर उत्तर वाया घालवण्यात नुकसान आहे.

जे तपासलं नाही ते विचारलं जाईलच. ‘खताने मातीत क्षार वाढले तर सेन्सरचं रीडिंग बदलतं का?’ या गटाने ते पाहिलेलं नाही. नुसतं ‘माहीत नाही’ म्हटलं तर संवाद संपतो, ठोकून दिलं तर पुढचा प्रश्न पकडतो. ‘हे आम्ही तपासलं नाही. तपासायचं तर तीन डब्यांत सारखी माती आणि सारखं पाणी घेऊन, खत तेवढं कमीजास्त करून रीडिंग घेऊ’ असं म्हटलं की न केलेल्या कामातूनही पद्धत माहीत असल्याचं दिसतं. भविष्यातल्या सुधारणांची स्लाइड लिहितानाही याच यादीतून लिहावी. तिथे ड्रोन आणि उपग्रह आणले की परीक्षक ड्रोनवरच प्रश्न विचारायला मोकळा.

राहिलं ब्लॅक बुक. बांधणीला ते दोन-तीन आठवडे आधी जातं आणि कोड त्यानंतरही बदलत राहतं. त्यामुळे छापलेल्या पानावर ३५ टक्के, स्लाइडवर ४० आणि चालू असलेल्या बोर्डात ४५ असा प्रकार नेहमी आढळतो. परीक्षकाच्या हातात छापील प्रत असते आणि समोर स्क्रीन. फरक त्याला पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. आदल्या संध्याकाळी चौघांनी बसून ब्लॅक बुकमधला प्रत्येक आकडा स्लाइडशी आणि कोडशी ताडून पाहावा, जिथे बदलला असेल तिथे तारीख आणि कारण पेन्सिलीने समासात लिहावं आणि ती प्रत सोबत न्यावी.